दहा पानांची ‘उष्णता’ दोन पानांत: दहावीच्या धड्याचे उजळणी मुद्दे कसे काढायचे

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मधला पाचवा धडा म्हणजे ‘उष्णता’. पुस्तकात तो साधारण दहा पानांचा आहे. पुष्कळ मुलांच्या वहीत याच धड्याच्या ‘शॉर्ट नोट्स’ सहा-सात पानं खातात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्या उघडल्याही जात नाहीत. यात आळसाचा भाग कमी आणि पद्धतीचा जास्त असतो. पुस्तकातलं प्रत्येक वाक्य थोडं थोडं कापत गेलं, तर हाती लहान पुस्तक येतं, उजळणीचे मुद्दे येत नाहीत. शिवाय वाक्य कापताना नेमका तोच शब्द उडतो ज्याला गुण असतो.

म्हणून काय कापायचं हे आधी पेपरकडे बघून ठरवावं. प्रश्नपत्रिका राज्यभर एकच असते, त्यामुळे नागपूर विभागासाठी वेगळं काही शोधायची गरज नाही. भाग १ चा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा. त्यात १० गुण एकेका गुणाच्या प्रश्नांना आहेत: योग्य पर्याय, रिकामी जागा, जोड्या, व्याख्या असे. ४ गुण शास्त्रीय कारणांना, ६ गुण दोन-दोन गुणांच्या प्रश्नांना, १५ गुण तीन गुणांच्या पाच प्रश्नांना आणि ५ गुण एका मोठ्या प्रश्नाला. म्हणजे एका धड्यातून विचारण्यासारखे प्रकार मोजकेच उरतात: संज्ञा, कारण, आकृती किंवा आलेख, आणि गणित. धड्यातली जी ओळ या चारपैकी कशातही बसत नाही, ती वाचायची, समजून घ्यायची आणि सोडून द्यायची.

सुरुवात धड्याच्या शेवटून

पेन हातात घेण्याआधी धडा एकदा सलग वाचावा, काहीही अधोरेखित न करता. पहिल्या वाचनात सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पान पिवळं होऊन जातं. मग थेट स्वाध्यायावर जावं. ‘उष्णता’च्या स्वाध्यायात रिकाम्या जागा आहेत, तापमान-काळ आलेख स्पष्ट करायला सांगितला आहे, पाण्याचं आकारमान तापमानाप्रमाणे कसं बदलतं याचा आलेख आहे, थंड प्रदेशातल्या जलचरांबद्दलचा प्रश्न आहे, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमणाऱ्या थेंबांचा प्रश्न आहे आणि शेवटी उदाहरणं आहेत. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर धड्यात कुठून कुठपर्यंत आहे ते शोधून समासात पेन्सिलीने प्रश्नाचा क्रमांक टाकावा. पाऊण तासाचं काम आहे. त्यानंतर पानं नुसती चाळली तरी दिसतं की काही परिच्छेदांच्या समासात तीन-तीन क्रमांक आहेत आणि काहींचा समास कोरा आहे.

आता दोन कोरी पानं घ्यावीत आणि त्यावर फक्त सहा मथळे, मध्ये जागा सोडून, लिहावेत: अप्रकट उष्मा, पुनर्हिमायन, पाण्याचं असंगत आचरण, दवबिंदू व आर्द्रता, विशिष्ट उष्माधारकता, उष्मा विनिमय. उष्णतेचं एकक शेवटच्या दोघांच्या मध्ये दोन ओळींत मावतं: कॅलरी म्हणजे १ ग्रॅम पाण्याचं तापमान १४.५ °C पासून १५.५ °C पर्यंत वाढवायला लागणारी उष्णता, आणि १ कॅलरी = ४.१८ ज्यूल. इथे १४.५ आणि १५.५ हे आकडे सोडायचे नाहीत. तापमानाची हीच मर्यादा का निवडली असा प्रश्न स्वाध्यायातच आहे. पाण्याला लागणारी उष्णता वेगवेगळ्या तापमानाला किंचित वेगळी असते, म्हणून मर्यादा ठरवून द्यावी लागते, हे त्याचं कारण.

संज्ञा: अटीचे शब्द वाचवायचे

व्याख्या लहान करताना सगळ्यात जास्त गुण सांडतात. एक नमुना बघा. पुष्कळांच्या वहीत असं असतं: ‘विशिष्ट अप्रकट उष्मा – बर्फ वितळताना लागणारी उष्णता.’ वाचायला ठीक वाटतं, पण ही व्याख्या नाही. दहा किलो बर्फालाही उष्णता लागतेच, मग ‘विशिष्ट’ कशाला म्हटलं? खरी व्याख्या तीन अटींवर उभी आहे: एकक वस्तुमान, स्थिर तापमान आणि अवस्थेतला पूर्ण बदल. एकक वस्तुमानाच्या स्थायू पदार्थाचं द्रवात पूर्ण रूपांतर होताना, स्थिर तापमानाला, जी उष्णता शोषली जाते ती वितळणाचा विशिष्ट अप्रकट उष्मा. या तीन अटींपैकी ‘एकक वस्तुमान’ काढलं की नुसता अप्रकट उष्मा उरतो, म्हणजे वेगळीच संज्ञा. ‘स्थिर तापमान’ काढलं तर ‘अप्रकट’ या शब्दालाच अर्थ राहत नाही, कारण ती उष्णता तापमापीवर दिसत नाही म्हणून तर तिला अप्रकट म्हणतात.

तेव्हा संज्ञा टिपताना पूर्ण वाक्य उतरवू नये आणि वाक्याचं सारही काढू नये. संज्ञा लिहावी, पुढे अटीचे शब्द लिहावेत, शेवटी चिन्ह, एकक आणि किंमत. वहीतली ओळ अशी दिसेल:

विशिष्ट अप्रकट उष्मा (L): एकक वस्तुमान + स्थिर तापमान + अवस्था पूर्ण बदल. Q = mL. बर्फ ८० कॅलरी/ग्रॅम, वाफ ५४० कॅलरी/ग्रॅम.

एवढ्यावरून पूर्ण वाक्य स्वतः बांधता आलं पाहिजे. येत नसेल तर धडा अजून समजलेला नाही, आणि ओळ लांब करून ते दुरुस्त होत नाही.

विशिष्ट उष्माधारकतेची ओळ हिच्या लगेच खाली लिहावी, कारण मुलं या दोघींची अदलाबदल करतात: एकक वस्तुमान + तापमानात १ °C वाढ. पहिलीत तापमान स्थिर आहे, दुसरीत ते वाढतं आहे. दोन्ही ओळी जवळजवळ असल्या की फरक आपोआप डोळ्यांत भरतो. पुस्तकात त्या काही पानांच्या अंतरावर आहेत, म्हणून तिथे तो निसटतो. मुद्दे काढताना पुस्तकाचा क्रम मोडायला हरकत नाही. अशा ठिकाणी तो मोडावाच.

दुसरी घसरणारी जोडी आर्द्रतेची आहे. निरपेक्ष आर्द्रता म्हणजे हवेच्या एकक आकारमानात असलेल्या बाष्पाचं वस्तुमान. सापेक्ष आर्द्रता हे गुणोत्तर आहे: ठरावीक आकारमानाच्या हवेत ठरावीक तापमानाला प्रत्यक्ष असलेलं बाष्प, भागिले तीच हवा त्याच तापमानाला संपृक्त व्हायला लागणारं बाष्प, गुणिले १००. अटीचे शब्द इथे ‘तेच आकारमान, तेच तापमान’. ते वाचवले नाहीत तर ‘हवेतल्या बाष्पाचं प्रमाण’ एवढंच उरतं आणि ते दोन्ही संज्ञांना लागू पडतं. सापेक्ष आर्द्रतेला एकक नाही, ती टक्क्यांत सांगतात, आणि दवबिंदूला ती १०० टक्के असते. ६० टक्क्यांहून जास्त असेल तर हवा दमट वाटते, कमी असेल तर कोरडी. हे आकडे एकेका गुणाच्या प्रश्नात येण्यासारखे आहेत, म्हणून ठेवायचे.

ही जोडी पक्की करायला नागपूरकरांना लांब जावं लागत नाही. मे महिन्यात दुपारी कूलर खोली गार करतो, जुलैत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. मे महिन्यातली हवा संपृक्त होण्यापासून फार दूर असते, त्यामुळे ताट्यांमधलं पाणी भराभर वाफ होतं आणि जाताना हवेतला अप्रकट उष्मा घेऊन जातं. पावसाळ्यात हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने बाष्पीभवन मंदावतं. आणि एकाच दिवशी हवेतलं बाष्प तेवढंच राहिलं तरी पहाटेपेक्षा दुपारी सापेक्ष आर्द्रता कमी भरते, कारण तापलेली हवा संपृक्त व्हायला जास्त बाष्प मागते. हे सगळं मुद्द्यांच्या पानावर उतरवायचं नाही. आर्द्रतेच्या ओळीशेजारी समासात ‘कूलर’ एवढा एकच शब्द पुरतो. आठवणीचा धागा म्हणून तो चांगला, पण उत्तरात व्याख्येऐवजी कूलरचं वर्णन लिहिलं तर गुण मिळणार नाहीत.

कारणं: साखळी, परिच्छेद नाही

‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाचं उत्तर पाठ केलं तर परीक्षेत मधली एक कडी गळते आणि उत्तर ‘म्हणून असे होते’ या वाक्यावर उडी मारतं. म्हणून कारण नेहमी बाणांनी लिहावं आणि प्रत्येक बाणाला ‘का?’ असं विचारून बघावं.

थंड प्रदेशात तलाव गोठला तरी जलचर जगतात, हे घ्या. फुटाळा किंवा अंबाझरीचं पाणी गोठलेलं इथल्या कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे या उत्तरात अनुभवाची मदत होत नाही. साखळीच पक्की हवी:

हवा गार → वरचं पाणी गार → घनता वाढते, ते खाली जाते → सगळं पाणी ४ °C होईपर्यंत हेच → ४ °C च्या खाली पाणी प्रसरण पावतं, घनता कमी → थंड पाणी वरच राहतं → पृष्ठभाग ० °C ला गोठतो → बर्फ उष्णतेचा दुर्वाहक → खाली ४ °C चं पाणी, जलचर जिवंत.

यातली सगळ्यात जास्त गळणारी कडी मधली आहे: ४ °C च्या आधी पाणी खाली जातं आणि नंतर वर राहतं. पुष्कळ उत्तरांत नुसतं ‘बर्फ पाण्यावर तरंगतो म्हणून’ असं असतं. ते खोटं नाही, पण तळाचं पाणी ४ °C ला का राहतं ते त्यातून कळत नाही. म्हणून साखळीतल्या ‘४ °C’ भोवती गोल करावा. हाच आकडा होपच्या उपकरणातही येतो. तिथे भांड्याच्या मधोमध गोठणमिश्रण असतं, आधी खालच्या तापमापीचं वाचन ४ °C ला येऊन थांबतं आणि मग वरच्या तापमापीचं वाचन ० °C कडे उतरतं. म्हणजे तलावाची साखळी आणि होपचं उपकरण ही दोन वेगळी उत्तरं नाहीत. साखळीखाली ‘होप: आधी खालची ४, मग वरची ०’ इतकं लिहिलं की दोन्ही झालं.

खडकांना तडे जाण्याचं कारण याच्याच शेपटीला जोडता येतं: फटीत पाणी → ४ °C च्या खाली आणि गोठताना प्रसरण → फटीत जागा नाही → खडकावर दाब → तडा.

बाटलीवरच्या थेंबांची साखळी लहान आहे: बाटली गार → लगतची हवा गार → दवबिंदूला पोचते, संपृक्त होते → आणखी गार झाली की जादा बाष्पाचे थेंब. यात ‘दवबिंदू’ आणि ‘संपृक्त’ हे दोन शब्द असलेच पाहिजेत, कारण प्रश्न दव पडण्याशी संबंध जोडायला सांगतो. डिसेंबरच्या पहाटे गवतावर पडणाऱ्या दवालाही हीच साखळी लागते, फक्त बाटलीच्या जागी जमीन आणि पानं येतात.

आलेख आणि गणितं

आलेखाचं वर्णन शब्दांत लिहून ठेवू नये, आलेखच काढावा, काडेपेटीएवढा. तापमान-काळ आलेखात बर्फ एकसारखा तापवत नेल्यावर आधी ० °C ला आडवी रेषा, मग १०० °C पर्यंत चढ, मग १०० °C ला पुन्हा आडवी रेषा. प्रत्येक तुकड्यावर तीन गोष्टी लिहाव्यात: कुठली अवस्था, तापमान बदलतं की नाही, उष्णता कुठे जाते. आडव्या रेषेवर ती कणांमधले बंध तोडण्यात खर्च होते. आणखी एक बारीक गोष्ट. दोन्ही आडव्या रेषा सारख्या लांबीच्या काढायची सवय असते. एका ग्रॅमला पहिल्या रेषेत ८० कॅलरी लागतात आणि दुसरीत ५४०, म्हणजे उष्णता सारख्या वेगाने मिळत असेल तर दुसरी जवळजवळ सातपट लांब. तेवढी लांब काढायची गरज नाही, पण ती ठळकपणे मोठी दिसावी. त्यामुळे वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट का, हेही लक्षात राहतं.

गणितांच्या बाबतीत मुद्द्यांच्या पानावर सोडवलेली चार उदाहरणं उतरवणं वाया जातं. एक नियम लिहावा: तापमान बदललं तर Q = mcΔT, अवस्था बदलली तर Q = mL, दोन्ही बदललं तर दोन्ही, बेरीज करून. मग पूर्ण धड्यासाठी एकच उदाहरण, आणि ते टप्पे सगळ्यात जास्त असलेलं निवडावं. स्वाध्यायातलं बर्फ-वाफेचं उदाहरण त्यासाठी चांगलं आहे: उष्णतारोधक भांड्यात ० °C चा १५० ग्रॅम बर्फ आहे, ५० °C चं पाणी हवं असेल तर १०० °C ची किती वाफ मिसळावी?

बर्फाने घेतलेली उष्णता:
वितळायला १५० × ८० = १२००० कॅलरी
० वरून ५० वर यायला १५० × १ × ५० = ७५०० कॅलरी
एकूण १९५०० कॅलरी

वाफेने दिलेली उष्णता (वाफ m ग्रॅम):
वाफेचं पाणी होताना m × ५४०
१०० वरून ५० वर यायला m × १ × ५०
एकूण ५९०m

५९०m = १९५००, म्हणून m ≈ ३३ ग्रॅम

या उदाहरणाशेजारी चुकीची उत्तरंही लिहून ठेवावीत, कारण उत्तर बघूनच चूक कुठे झाली ते कळतं. साधारण ३६ ग्रॅम आलं तर वाफेचं पाणी झाल्यावर ते पाणी ५० °C पर्यंत थंड होतं, हा टप्पा विसरला. साधारण २० आलं तर वितळलेल्या बर्फाचं पाणी ५० °C पर्यंत तापवायचं राहिलं. पानावर ओळ एवढीच: ‘दोन्ही बाजूंना दोन-दोन टप्पे. ३६? वाफेकडे बघ. २०? बर्फाकडे बघ.’ अमोनियाचं उदाहरण (२० °C च्या पाण्यापासून ० °C चा २ किलो बर्फ, अमोनियाच्या बाष्पनाचा अप्रकट उष्मा ३४१ कॅलरी/ग्रॅम) मग या नियमाने कोऱ्या कागदावर सोडवून बघावं. पाणी थंड करायला ४०००० आणि गोठवायला १६०००० कॅलरी काढून घ्याव्या लागतात, त्यासाठी सुमारे ५८६ ग्रॅम अमोनियाचं बाष्पन व्हावं लागतं. २ किलोचे २००० ग्रॅम करायला विसरलं तर उत्तर अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येतं, आणि अर्ध्या ग्रॅममध्ये दोन किलो बर्फ होत नाही हे कुणालाही पटेल.

काय गाळायचं, आणि पान खरं उतरलं का

प्रयोगांची साहित्य-कृती गाळावी, निरीक्षण आणि अनुमान ठेवावं. पुनर्हिमायनाला दोन ओळी पुरे: बर्फाच्या लादीवर दोन्ही टोकांना वजनं लावलेली तार, ती आरपार जाते पण लादी दुभंगत नाही. दाबाने बर्फ वितळतो, दाब सरला की पुन्हा गोठतो. विशिष्ट उष्माधारकतेच्या प्रयोगासाठी: लोखंड, तांबं, शिसं यांचे सारख्या वस्तुमानाचे गोळे, उकळत्या पाण्यातून मेणाच्या जाड थरावर, लोखंडाचा सर्वांत खोल, शिशाचा सर्वांत कमी. हा प्रयोग मात्र मोठ्या प्रश्नात मागितला जाऊ शकतो, म्हणून ‘सारखं वस्तुमान’ आणि ‘सारखं तापमान’ या दोन अटींवर रेघ मारून ठेवावी.

सेमी-इंग्रजीची मुलं विज्ञानाचा पेपर इंग्रजीत लिहितात, पण धडा डोक्यात पुष्कळदा मराठीतून बसतो. त्यांनी साखळ्या खुशाल मराठीत लिहाव्यात, पण संज्ञा आणि अटीचे शब्द पेपरच्याच भाषेत. परीक्षेत बसून शब्द शोधायला लागलं की वेळ जातो.

पान तयार झालं की दुसऱ्या दिवशी ते उलटं ठेवावं. कोऱ्या कागदावर फक्त सहा मथळे लिहून बाकी सगळं आठवून भरावं, आणि मग लाल पेनने ताडून बघावं. संज्ञा आठवली पण अटीचा शब्द सुटला, तर तो शब्द मूळ पानावर मोठा करावा. साखळी मध्येच तुटली, तर पुस्तकातला तेवढाच परिच्छेद परत वाचावा. जे दोन वेळा बिनचूक आलं ते पानावरून खोडावं. खोडायला जीव होत नाही, पण ते राहिलं तर डोळा दर वेळी सोप्याच ओळींवर रेंगाळतो आणि निरपेक्ष-सापेक्षच्या ओळीवरून घसरत जातो. तीन-चार दिवसांनी हीच तपासणी पुन्हा केली की दोन पानांचं अर्धं पान उरतं. त्या अर्ध्या पानावर बहुधा ही मंडळी असतात: दोन आर्द्रता, दोन ‘विशिष्ट’, ४ °C ची मधली कडी, आणि ३६-२० ची ओळ. पेपरच्या सकाळी एवढंच वाचायचं.